तारेची टोकं

पोकळ कंपनी ओळखायची तर आधी तिचा कचरा बघायचा, असं ती नव्याने कामाला लागलेल्यांना सांगत असे. नोंदणीचा दाखला सगळ्यांकडे असतो. शिक्का असतो, लेटरहेड असतं, गुळगुळीत कार्डही असतं. पण माणसं खरोखर काम करत असतील तर काहीतरी सांडतं, तुटतं, उरतं. चूल पेटली की राख होणारच. जिथे राख नाही, तिथे नुसतं भिंतीवर चुलीचं चित्र आहे असं समजावं.

बँका कर्ज देण्याआधी ज्यांना जागा पाहून यायला पाठवतात, अशा एका लहानशा संस्थेत ती बरीच वर्षं होती. काचेच्या दारामागचं एक ऑफिस ती नेहमी सांगे. चाकाच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, कुंडीतलं झाड कापडाचं होतं, आणि टेबलापाशी बसवलेल्या मुलीला कंपनीचं नाव विचारलं तर तिने आधी कार्ड उलटं करून पाहिलं. त्याच पत्त्यावर आणखी पुष्कळ कंपन्या नांदत होत्या आणि सगळ्यांचा फोन नंबर एकच होता. बडा घर, पोकळ वासा.

उलट एकदा तिच्या हाताखालच्या एकाने स्वयंपाकघरामागे शिवणाची दोन यंत्रं टाकून बसलेल्या नवराबायकोबद्दल 'संशयास्पद' असा शेरा मारला होता. पाटी नाही, कामगार नाही, पत्ता घरचा. तिने त्याला परत पाठवलं आणि तिथे तासभर नुसतं बसून ये म्हणाली. तो हसत परत आला. त्या तासाभरात एका गिऱ्हाइकाने माल उशिरा आला म्हणून फोनवर शिव्या दिल्या होत्या, एकाने उसवलेलं परत आणून टाकलं होतं, आणि बाईने नवऱ्याला धागा चुकीचा आणला म्हणून फैलावर घेतलं होतं. "ज्याच्याशी कुणी भांडत नाही, त्याचा धंदाच नाही," ती म्हणाली. "लहान असणं वेगळं आणि पोकळ असणं वेगळं."

हे सगळे किस्से ती सुट्टीच्या दिवशी माहेरी जेवताना सांगायची आणि सगळ्यात रस घेऊन ऐकायचे ते बाबा. त्यांचा स्प्रिंगांचा लहानसा कारखाना होता. तार गुंडाळायची, कापायची, टोकं घासून सपाट करायची. कुलपापासून पाण्याच्या पंपापर्यंत जिथे म्हणून काही दाबलं की परत वर येतं, तिथे आपला हात आहे असं ते अभिमानाने म्हणत. एका मोठ्या गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून त्यांनी कारखान्याची रीतसर कंपनी केली होती. बाबा आणि धाकटा भाऊ, दोघे संचालक. संचालक या शब्दाचं त्यांना फार हसू यायचं. "तार सरळ करणारा माणूस मी, मी कसला काय चालवतोय," म्हणायचे.

जेवायला बसलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असे. "काय तपासनीसबाई, या आठवड्यात कुणाचं पोकळ निघालं?"

आणि ती सांगत सुटायची. ते खोदून खोदून विचारत. वीज कशी बघतेस? भिंत बघतेस का? मग त्याने मुद्दाम पसारा मांडून ठेवला तर? ती म्हणायची, पसारा मांडता येतो बाबा, पण तो वाढता, बदलता ठेवणं अवघड.

बाबा गेले त्याला आता एक ऋतू उलटला होता.

भाऊ तिच्या घरी आला तो कागदांची पातळ फाइल घेऊन. चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली, तेव्हाच तिला वाटलं की याला काहीतरी मागायचंय. मागणं साधं होतं. कंपनीला दोन संचालक लागतात, आता तो एकटाच उरला होता. बाबांच्या जागी तिने यावं. बाबांची सही बँकेत चालायची, तीही बदलायची होती, आणि त्यानिमित्ताने बँक कुणाला तरी जागा बघायला पाठवणार होती.

"तू असलीस की बरं पडेल, ताई. तुझं नाव या लोकांना माहीत आहे."

ती लगेच हो म्हणाली नाही, पण मनातून हो म्हणून मोकळी झाली होती. बाबांच्या नावाखाली आपलं नाव. बाबांच्या पश्चात त्यांचं जे काही फिरतं राहिलं होतं, त्याला आपलाही हात लागेल. दुःखात माणूस असल्या गोष्टींना धरून असतो. सही करायला पेनही काढलं होतं. मग सवयीने म्हणाली, ठेवून जा, एकदा जागा बघून येते. बाबांचा वाचायचा चष्माही घरात सापडत नव्हता, कारखान्यातच राहिला असणार. आईला तो हवा होता.

भावाने खिसा चाचपला. "मी आणून दिला असता," म्हणाला. मग किल्ली काढून दिली.

कारखाना म्हणजे एका लांबट इमारतीतला तळमजल्याचा गाळा. लहानपणी ती इथे शाळेतून थेट यायची. शटर वर केलं आणि आतून मोटरीची घरघर ऐकू आली. ती दचकली. कुलूप बाहेरून, आणि आत यंत्र चालू. दिवा लावला तर टोकं घासायचं यंत्र भिंतीपाशी एकटंच फिरत होतं. दगडापुढे काही नाही, कुणी नाही. भाऊ रोज सकाळी येऊन लावून जात असणार.

ती तशीच उभी राहिली. तिला स्वतःचाच आवाज आठवला, ताटावरून बोललेला. वीज खोटं बोलत नाही, बाबा. मीटर फिरायला काहीतरी फिरावं लागतं.

खरं तर ते अर्धंच सांगून झालं होतं. उरलेलं अर्धं नंतर एका सुट्टीला सांगितलं होतं, पण तेव्हा बाबांनी फारसं लक्ष दिलं नव्हतं, किंवा तिला तसं वाटलं होतं. काम असलेल्या जागेचं बिल वर-खाली होतं. मोठी ऑर्डर आली की फुगतं, तार आली नाही की बसतं. दर महिन्याला जवळपास तेवढंच बिल येत असेल, तर तिथे कामाऐवजी नुसतं यंत्र फिरतंय.

तिने गाळा बघायला सुरुवात केली. वडिलांचा कारखाना म्हणून न बघता नुसती एक जागा म्हणून बघू लागली, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने तिला ते बघवलं नसतं. भिंतीवर तेलकट हातांचे जुने ठसे होते, पण त्यावर धूळ बसली होती. तार गुंडाळायच्या यंत्राचा पट्टा काढून खिळ्याला टांगलेला होता. तारेची भेंडोळी जिथे रचलेली असायची तिथे फरशीवर नुसत्या गोल खुणा होत्या. दारातून आत सरकवलेलं टपाल पडलं होतं. वरचं पाकीट त्यांच्या कंपनीचं, खालची तीन तिने कधी नावही न ऐकलेल्या कंपन्यांची. पत्ता सगळ्यांवर हाच.

आणि कोपऱ्यात तारेच्या तोडलेल्या टोकांचा ढीग होता. चांगला गुडघाभर.

तेवढ्यावर तिने जीव धरला. काम होतं म्हणजे. कमी असेल, पण होतं. ती खाली बसली आणि मूठभर टोकं उचलली.

तार कापली की कापल्या जागी ती चांदीसारखी चकाकते. मग काळवंडते, दमट हवेत तांबूस होते. चालत्या कारखान्यातला ढीग थरांचा असतो, वर चकचकीत, मध्ये काळा, तळाशी गंज. लहानपणी बाबांनीच दाखवलं होतं. वरचं वेचून ती चांदी म्हणून डबीत भरायची. या ढिगाला थर नव्हते. वरून खालपर्यंत एकच तांबडा रंग. मधली टोकं एकमेकांना चिकटून बसली होती, ओढली की तुटत होती. कित्येक दिवसांत वर एकही टोक पडलेलं नव्हतं. भंगारवाल्याला न देता ढीग नुसता दिसण्यासाठी ठेवला होता.

तळहात तांबडे झाले. पुसायला तिला काही मिळेना.

शेजारच्या गाळ्याचं दार उघडंच होतं. तिथे एक बाई पुठ्ठ्याची खोकी बनवत असे, तिला सगळे खोकेवाली मावशी म्हणत. पाटी नव्हती. दारापासून आतपर्यंत पुठ्ठ्याच्या कातरणांचा सडा, खळीचं पातेलं, अर्धवट दुमडलेल्या खोक्यांची उतरंड. मावशी फोनवर कुणाला तरी सुनावत होती की माप तुम्हीच चुकीचं दिलंत, आता खोकं लहान झालं तर मी काय चपला कापू? तिला बघून तिने फोन ठेवला, हाताकडे पाहिलं आणि न विचारता ओलं फडकं पुढे केलं.

खिडकीशी एक स्टूल होतं, त्याच्या बाजूला फळीवर बाबांचा चष्मा. काड्या घडी करून, खळीच्या ब्रशाशेजारी ठेवलेला.

मावशी म्हणाली, नेशील म्हणून ठेवला होता, पण पुसायचं धाडस झालं नाही. मग सांगत गेली, हात खोकी दुमडत असतानाच. कामगार गेले त्यालाच दोन वर्षं झाली. मोठ्या गिऱ्हाइकाने बाहेरून स्वस्त माल आणायला सुरुवात केली तेव्हाच सगळं संपलं होतं. पण बाबा रोज वेळेवर यायचे, डबा घेऊन. शटर उघडायचे, मोटर लावायचे आणि थोडा वेळ त्या मोटरीसमोरच बसायचे. मग इथे यायचे. पहिल्यांदा नुसते गप्पा मारायला, मग म्हणाले, दे इकडे, बोटांना सवय आहे, रिकामं बसवत नाही. तिने पैसे देऊ केले तर रागावले. कडा इतक्या सरळ दुमडायचे की तिचं गिऱ्हाईक विचारायचं, नवीन यंत्र घेतलंत का.

"एकदा मी म्हटलं, अहो, तो ढीग गंजून चाललाय, भंगारात तरी द्या, नाहीतर वर थोडं नवं कापून टाका, असंही मेलं दाखवण्यापुरतंच आहे," मावशी म्हणाली. तिचे हात थांबले. "तर म्हणाले, असू दे. कळणाऱ्याला कळेल."

ती चष्मा घेऊन बाहेर आली. शटर ओढलं. मोटर आत फिरतच राहिली. ती बंद करायचं तिच्या हातून झालं नाही.

घरी येऊन तिने फाइल उघडली. आता कागद काय सांगणार हे तिला ठाऊक होतं. तार विकत घेतलेली, एकाच कंपनीकडून. स्प्रिंगा विकलेल्या, एकाच कंपनीला. दोन्ही कंपन्यांच्या बिलांवर फोन नंबर एकच. माल आला-गेला तर टेम्पोचं भाडं हवं, हमाली हवी, पगार हवेत. कशाचा मागमूस नाही. सकाळी पैसे आलेले, दुपारी गेलेले, खात्यात फक्त चिमूटभर उरलेले. आणि आकडे सगळे गोल. खऱ्या धंद्याचे आकडे वाकडेतिकडे असतात. कुणी थोडे कापून देतं, कुणी अर्धे देऊन तोंड लपवतं, कुणाचा माल परत येतो. इथे दोन वर्षांत एकही स्प्रिंग परत आली नव्हती. बाबांच्या उमेदीच्या काळातही असं कधी घडलं नव्हतं.

खाली बाबांची सही होती. प्रत्येक पानावर, वळणदार, शेवटी तारेच्या वेटोळ्यासारखा गोल काढलेली.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. भाऊ बाहेरच्या खोलीत बसला होता, आई भाजी निवडत होती. तिने चष्मा आईजवळ ठेवला, फाइल भावापुढे. सही केली नव्हती. एवढ्यावरून तो समजला.

सुरुवातीला त्याने, धंदा मंदावलाय इतकंच, असं म्हणून पाहिलं. तिने फाइल उघडून बिलांवरच्या फोन नंबरावर बोट ठेवलं. मग तो खाली बघून बोलत राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने कंपनी बंद करायची ठरवली होती. तेव्हा एक सल्लागार भेटला. गळ्यात टाय, बोलणं मधाळ. म्हणाला, नोंदलेली, जुनी, वर्षानुवर्षं कर भरलेली कंपनी बंद करणं म्हणजे दूध देणारी गाय हाकलणं. तुम्ही नुसती बिलं फाडा, पैसा येईल आणि जाईल, तुमचा वाटा तुम्हाला मिळेल. ज्यांना खोटा खर्च दाखवायचा असतो त्यांना अशी नावं लागतात. बाकीच्या तीन कंपन्याही त्याच टायवाल्याच्या.

"बाबांना माहीत होतं?"

"सह्या त्यांनीच केल्या."

"ते विचारलं नाही मी."

भावाने फाइल मिटली. मग म्हणाला, पहिल्या दिवशी ते नाही म्हणाले होते. त्याने सांगितलं, मग उद्यापासून गाळा सोडावा लागेल, मशिनं विकावी लागतील. बाबांनी विचारलं, मग सकाळी मी जाऊ कुठे? आणि सही केली.

भिंतीवरच्या घड्याळाखाली बाबांचं रिकामं आसन होतं. तिघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही.

"ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू सही कर, पाहणी होऊन जाऊ दे. मग हळूच बंद करू. आता उघडलं तर सगळं त्यांच्या नावावर येईल. गेलेल्या माणसाला कशाला?"

त्याच्या बोलण्यात सगळाच कावा नव्हता, हे तिला दिसत होतं. तिलाही तेच वाटून गेलं होतं, रात्रभर. एक सही, आणि बाबा तसेच राहतील, तार सरळ करणारे. पण असंच आणखी कुणाच्या तरी घरात चाललं असेल, टेबलावर फाइल, पुढे केलेलं पेन. मूठ झाकलेली ठेवायला दर वेळी एक नवा हात लागतो.

तेवढ्यात आई बोलली. भाजीवरून नजर न काढता.

"दोन वर्षं त्यांच्या शर्टाला तेलाचा डाग नव्हता. कपडे मी धुते. मला कळणार नाही?"

भावाने मान वर केली.

"बाहीला खळ असायची," आई म्हणाली. "वाळून कडक झालेली. मी भिजवून काढायचे आणि काही विचारायचे नाही. ज्या दिवशी खळ असायची त्या दिवशी ते नीट जेवायचे." तिने चष्मा उचलला, पदराने पुसायला गेली आणि काचेच्या कडेला लागलेला सुकलेला थेंब बघून थांबली. पुसला नाही.

तिने भावाला जे सांगायचं ते शांतपणे सांगितलं. ती संचालक होणार नाही. गुपचूप बंदही करायचं नाही, कारण खोटी बिलं कंपनी मिटली म्हणून मिटत नाहीत. ज्यांनी ती वापरली त्यांच्याकडून धागा फिरून इथेच येतो. बँकेला आज कळवायचं की पाहणीला काही नाही. मग चांगला वकील बघायचा आणि करखात्यापुढे आपण होऊन जायचं, सगळ्या बिलांसकट, टायवाल्याच्या नावासकट. दंड होईल. कदाचित त्याहून वाईटही होईल, मी तुला खोटं सांगणार नाही. मी बरोबर येईन, पण बहीण म्हणून.

"आणि बाबांचं नाव?"

"ते आहेच त्या कागदांवर. ते काढणं आपल्या हातात नाही."

भाऊ रडला नाही. लहानपणी मार बसायच्या आधी तो जसा हात पुढे करून उभा राहायचा तसा बसून राहिला. मग आईने त्याच्यापुढे भाजीचं ताट सरकवलं, निवड म्हणाली, आणि तो निवडू लागला.

संध्याकाळी दोघं गाळ्यावर गेले. खोकेवाली मावशी दार लावून गेली होती, पण बाहेर कातरणांचं पोतं होतं, उद्याच्या भंगारवाल्यासाठी. भावाने शटर उचललं. मोटरीची घरघर बाहेर आली, जणू आत कुणीतरी कामात आहे आणि मान वर करून बघायला त्याला वेळ नाही.

तिच्या मनात आलं, बाबा या आवाजासमोर बसून काय ऐकत असतील? आणि ढीग. हाताने कितीक मैल तार कापलेला माणूस. वर चार टोकं नवी तोडून टाकायला त्यांना घटका लागली नसती. मावशीने सुचवलंही होतं. बाकी सगळं त्यांनी तिच्याकडून शिकून मांडलं, तेवढं मात्र केलं नाही. हात चालला नाही म्हणून, की तिच्यासाठी? ते सांगायला आता कुणी नव्हतं, आणि जिचं कामच उत्तर काढणं होतं तिलाही ते काढता येणार नव्हतं.

"बंद करू?" भावाने विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "मी करते."

तिने बटण दाबलं. दगड लगेच थांबला नाही. भार नसलेलं चाक, आपल्याच वेगाने बराच वेळ फिरत राहिलं, आवाज बारीक बारीक होत गेला, आणि मग त्या गाळ्यात जे दोन वर्षांपासून होतं ते ऐकू आलं.